स्ट्रिपची मागची बाजू वाच

चि. निखिल,


काल वहिनींचा फोन आला होता. तू स्टेशनबाहेरच्या कुठल्याशा 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडून पुड्या आणल्यास आणि डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या एकदम बंद करणार आहेस, असं त्या रडवेल्या होऊन सांगत होत्या. मृणाल गप्प गप्प असते, एवढंच त्यांना दिसतं. बाकीचं मी ओळखलं. जन्मभर केमिस्टच्या काउंटरमागे उभा राहिलोय, मला कळणार नाही तर कुणाला?

आधी एक ऐक. प्रेडनिसोलोनची गोळी एकदम सोडायची नाही. सांध्यांच्या सुजेसाठी ती तू तीन महिने घेतोयस. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस स्टेरॉइड बाहेरून मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. मग गोळी अचानक बंद केली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब ढासळणं, प्रसंगी जिवावरही बेततं. ही गोळी मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन उतरू शकतं, हे खरं. पण ती कमी करायची ती डॉक्टरांच्या हिशेबाने, पायरीपायरीने.

आता दुसरी, जिच्यावर तुझा संशयसुद्धा गेला नसेल. स्टेरॉइडने पोटात जळजळ नको म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतोस ती कॅप्सूल. वहिनींनी फोनवर स्ट्रिपची मागची बाजू वाचून दाखवली: रॅबेप्राझोल 20 मिग्रॅ., लेव्होसल्पिराइड 75 मिग्रॅ. पहिलं औषध आम्ल कमी करतं. त्याचा या बाबतीत त्रास क्वचितच. खोड आहे ती दुसऱ्यात. ते पोटातलं अन्न पुढे ढकलायला मदत करतं, पण त्यासाठी डोपामिनला अडवतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथे प्रोलॅक्टिनला लगाम घालणारं हेच डोपामिन. लगाम सुटला की बाळंतिणीला दूध आणणारं ते हार्मोन पुरुषाच्याही रक्तात वाढतं, आणि टेस्टोस्टेरॉन खाली येतं. पँटोप्राझोलबरोबर येणाऱ्या डॉम्पेरिडोनचीही हीच तऱ्हा.

याची खूण सांगतो. ताठरता कमी होण्याआधी इच्छाच विझते. सकाळची जाग नेहमीसारखी येत नाही. कधी छाती दुखरी होते, स्तनाग्रातून थेंब येतो. आणि हे सगळं औषध सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत. तारखा जुळवून बघ. तुझ्यासारखाच एक शिक्षक माझ्याकडे यायचा, पंधरा दिवसांसाठी लिहिलेली कॅप्सूल जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर घेत होता. प्रोलॅक्टिन साठच्या पुढे निघालं. पुरुषांत ते साधारण पंधरा-वीसच्या आत असतं. डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून साधं पँटोप्राझोल दिलं. महिन्याभराने आकडा जागेवर आला, आणि माणूस माझ्याकडे बघून हसायला लागला.

पुड्यांचं विचारशील तर, असल्या 'शक्तिवर्धक' मालात सिल्डेनाफिल, कधी स्टेरॉइडसुद्धा लपवून घातलेलं सापडलं आहे. आधीच एक स्टेरॉइड घेतोयस, त्यावर आणखी नको. शिवाय कारण तसंच राहील.

रागावलो, खरं आहे. तुझ्या वयाचा असताना मलाही अल्सर होता. तेव्हा सिमेटिडिन नवंच आलं होतं. ते जास्त डोसमध्ये फार दिवस घेतलं की पुरुष हार्मोनला अडसर होतो. माझी छाती दुखायची, काकूजवळ जायला नको वाटायचं. मला वाटायचं आपणच संपलो. तिला वाटायचं ती मला आवडत नाही. एक अख्खं वर्ष आम्ही एका घरात परक्यासारखे राहिलो. नंतर डॉक्टरांनी रॅनिटिडिन दिलं आणि सगळं निवळलं. पण ते वर्ष परत आलं नाही. म्हणून तळमळतोय रे.

तेव्हा पुन्हा सांगतो, प्रेडनिसोलोन सोडू नकोस. दोन्ही स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचार, 'यातलं लेव्होसल्पिराइड काढता येईल का?' प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी सांगितली तर सकाळी, उपाशीपोटी, थोडा वेळ शांत बसून रक्त दे. दगदगीनेही प्रोलॅक्टिन चढतं. साखरही बघून घे, स्टेरॉइडने ती वाढते आणि तिचाही इथेच फटका बसतो. कॅप्सूल बंद करूनही प्रोलॅक्टिन उतरलं नाही तर डॉक्टर पुढे कारण शोधतील.

आणि आज रात्री मृणालला हे सांग. निदान एवढं तरी, की दोष तिचा नाही. तोंडून शब्द फुटत नसेल तर हे पत्रच तिच्या हातात दे. काका काय लिहितो याची तिला लाज वाटायचं कारण नाही. डॉक्टरांकडे एकट्याने जायला जड वाटलं तर फोन कर, मी सकाळच्या गाडीने येतो. आत तुम्ही दोघं जा, मी बाहेर पेपर वाचत बसेन. वहिनींना काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

तुझा,
काका