‘काणे’ की ‘काने’?

ओकव्हिलमधील आमच्या घराच्या तळघरात, जेथे पूर्वी हिवाळी जोडे आणि बर्फ उपसण्याची फावडी यांखेरीज काही नव्हते, तेथे मी काही वर्षांपूर्वी लेझरचे कोरीवयंत्र बसवून दारावरच्या लाकडी पाट्या करण्याचा उद्योग आरंभिला. आणि आपले नाव दारावर देवनागरीत असावे ही परदेशस्थ मराठी माणसाची हौस दांडगी असल्यामुळे माझ्या संकेतस्थळावर मागण्यांची वाण अशी कधी पडली नाही. कमतरता होती ती सावधगिरीची. विक्रीच्या पानावर लाकूड अक्रोडाचे की मेपलचे, याविषयी मी दोन परिच्छेद लिहिले होते; मजकुराच्या पेटीवर मात्र ‘नाव लिहा’ एवढे दोनच शब्द होते.

त्या पेटीत एका गृहस्थांनी Kane असे लिहिले. वास्तुशांत दहा दिवसांवर आली होती, घाई त्यांनाही होती आणि मलाही; तेव्हा विचारपूस करण्याच्या भानगडीत न पडता मी सुरेख वळणदार अक्षरांत ‘काने’ असे कोरले, तेलाचे दोन हात दिले आणि पाटी टपालाने रवाना केली. गृहस्थांचे आडनाव होते काणे. रोमन लिपीला ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद ठाऊक नाही, तसाच ‘ल’ आणि ‘ळ’ यांतलाही नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. परंतु जे आपल्याला कळते ते ग्राहकानेही गृहीत धरले असेल, या समजुतीने मी वागलो आणि तीच चूक झाली.

त्यांनी पैसे परत मागितले, तेव्हा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या ‘वैयक्तिक मजकुराचा माल परत घेतला जाणार नाही’ या वाक्याकडे मी बोट दाखविले. त्यांनी आपल्या कार्डाच्या बँकेकडे तक्रार गुदरली. बँकेने मला विचारले ते इतकेच, की ही अट ग्राहकाने खरेदीपूर्वी पाहिल्याचा आणि कोरलेल्या मजकुराला त्याने मंजुरी दिल्याचा काही दाखला तुमच्या दप्तरी आहे काय? दप्तरी काहीच नव्हते. ८५ डॉलर किंमत, त्यावरचा १३ टक्के कर, म्हणजे ९६ डॉलर ५ सेंट परत गेले, तक्रारीचे शुल्क वेगळे भरावे लागले, आणि पाटी माझीच चूक म्हणून मला दुसऱ्यांदा करून द्यावी लागली. बँकेचा निवाडा योग्य होता, असे मला आज वाटते.

त्यानंतर प्रथम बदलली ती मजकुराची पेटी. आता तेथे असे लिहिलेले आहे: ‘पाटीवर हवा तो मजकूर देवनागरीतच, जसा कोरायचा तसाच, ओळीगणिक वेगळा लिहावा. देवनागरी टंकता येत नसल्यास कागदावर स्वच्छ लिहून त्याचे छायाचित्र जोडावे. रोमन मजकुराचे लिप्यंतर आम्ही करीत नाही.’ हाच मजकूर इंग्रजीतही दिलेला असतो, कारण मागणी नोंदविणारी पुष्कळदा येथेच वाढलेली सून किंवा मुलगी असते. पेटी भरल्यावाचून मागणी पुढे सरकू नये, अशीही व्यवस्था केली. पूर्वी ती रिकामी सोडूनही पैसे भरता येत असत, आणि मग मजकुरासाठी मला आठवडाभर पत्रव्यवहार करावा लागे. अक्षरमर्यादेची एक गोम मात्र सांगितली पाहिजे. पेटी मोजते ती डोळ्यांना दिसणारी अक्षरे नव्हेत, तर काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह यांसह प्रत्येक घटक. म्हणून ‘श्रीरंग’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसला तरी पेटीच्या हिशेबी तो सातांचा भरतो. इंग्रजी नावांवरून मी ठेवलेल्या बारांच्या मर्यादेत मराठी नावे मध्येच तुटू लागली, तेव्हा ती मर्यादा तिपटीने वाढविली, आणि मजकूर पाटीच्या रुंदीत मावतो की नाही याचा निर्णय मसुद्याच्या वेळी घेऊ लागलो.

मसुदा हा या व्यवहारातला खरा करारनामा होय. ग्राहकाने पेटीत अचूक लिहिले तरी कोरणीच्या संगणकप्रणालीत ते अचूक उतरेलच असे नाही. देवनागरीची मांडणी ज्यांना येत नाही अशा प्रणाली ‘शिंदे’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या पुढे नेऊन ठेवतात, आणि ‘गोऱ्हे’मधला अर्धा र मोडून त्याची पुरती दुर्दशा करतात. म्हणून मसुदा टंकलेल्या शब्दांत न पाठविता, ज्या फाईलवरून लेझर चालणार तिच्यातील अक्षरांच्या बाह्यरेषा करून तिचेच चित्र पाठवावे, म्हणजे ग्राहक जे पाहतो तेच लाकडावर उमटते. चित्राखाली मसुद्याचा क्रमांक, पाटीची मापे आणि ‘लाकडाचे रेषांकन व छटा चित्राहून भिन्न असतील’ ही सूचना असावी. क्रमांकाचे महत्त्व मला पुन्हा एकदा नुकसान सोसूनच कळले, कारण एका ग्राहकाने दुसरा मसुदा मंजूर केला असता मी पहिलाच कोरून बसलो होतो. आता मंजुरी येताच जुने मसुदे वेगळ्या कप्प्यात हलवितो. मंजुरीही मी ‘छान!’ किंवा अंगठ्याच्या चित्राने स्वीकारीत नाही. ‘मसुदा क्रमांक २ मधील मजकूर अक्षरशः तपासला, असाच कोरावा’ हे वाक्य ग्राहकाने ई-पत्रातून लिहून पाठविले पाहिजे. दोन दुरुस्त्या विनामूल्य, तिसरीपासून शुल्क.

उत्तरच न देणाऱ्या ग्राहकाचे काय करावे? तीन दिवस मौन म्हणजे संमती, असे माझे काही व्यवसायबंधू अटींत लिहितात. मला ते मान्य नाही. काण्यांच्या प्रकरणातली चूक त्यात नियम म्हणून दाखल होते. मी तीन दिवसांनी स्मरणपत्र देतो, मंजुरीपर्यंत काम थांबवितो, पोचविण्याची मुदतही मंजुरीच्या दिवसापासून मोजतो, आणि हे सारे खरेदीपूर्वीच सांगतो. चौदा दिवस उलटले तर मागणी रद्द करून रक्कम परत करतो. लाकूड माझ्याकडे शिल्लक राहते, त्यात तोटा कसला?

माल परत न घेण्याची अट ठेवण्यास आमच्या ओन्टारिओ प्रांतात हरकत नाही, परंतु ती कोठे आणि कशी सांगावी याला कायद्याची चौकट आहे. येथील २००२ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार ५० डॉलरहून अधिक रकमेच्या इंटरनेटवरील करारात विक्रेत्याने परतीच्या व रद्द करण्याच्या अटी आधी प्रकट करावयाच्या असतात, करार होण्याच्या क्षणापूर्वी तो स्वीकारण्याची, नाकारण्याची व चुका दुरुस्त करण्याची स्पष्ट संधी द्यावयाची असते, आणि त्याची लेखी प्रत १५ दिवसांत पोचवावयाची असते. प्रकटीकरण किंवा ती संधी दिली नाही, तर प्रत मिळाल्यापासून सात दिवसांपर्यंत ग्राहक करार रद्द करू शकतो. मग पानाच्या तळाशी काहीही लिहिलेले असो. म्हणून अट आता किमतीच्या लगत आहे, पैसे भरण्यापूर्वी ग्राहक तिच्यापुढील चौकटीत स्वतः खूण करतो, आणि त्याने लिहिलेला मजकूर व अट दोन्ही पोचपावतीच्या ई-पत्रात त्याला परत जातात.

अटीची भाषा तरी अरेरावीची कशाला असावी? माझी अशी आहे: ‘ही पाटी आपल्या मंजूर मसुद्यानुसार आपल्यासाठीच घडविली जात असल्याने मनपालटामुळे, किंवा मंजूर मजकुरातील चुकीमुळे, परत घेता येणार नाही. पाटी मसुद्याहून भिन्न, सदोष किंवा वाटेत मोडलेली आल्यास छायाचित्र पाठवावे; आम्ही ती आमच्या खर्चाने पुन्हा करून देऊ.’ हा उत्तरार्ध औदार्याचा नव्हे. सदोष मालाविषयीचे ग्राहकाचे कायदेशीर हक्क विक्रेत्याला अटीने काढून घेताच येत नाहीत, आणि ते काढून घेतल्याचा आव आणणारी अट वाद उद्भवताच टिकत नाही.

ज्यांचे असे दुकान आहे त्यांना एकच विनंती, की आज एखाद्या परक्या माणसासारखे आपल्याच पानावर जावे, मजकुराची पेटी रिकामी ठेवून आणि चौकटीत खूण न करता एक मागणी नोंदवून पाहावी, आणि ती पैसे भरण्यापर्यंत पोचते का ते पाहावे. माझी सहज पोचली होती.