नाचणीच्या रोपवाटिकेची तारीख आणि तिच्या मागची पाच आठवडे : लहान चमूसाठी सामायिक दिनदर्शिका व कामफलक

शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय असो वा विस्तार केंद्राचा एखादा गट, काम करणारी माणसे चार-पाचच असतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःची वही असते. व्यवस्थापकाच्या वहीत वार्षिक सभेची तारीख, क्षेत्र कार्यकर्त्याच्या वहीत माती नमुन्यांची गावे, लेखापालाच्या संगणकात कराच्या तारखा. एखादे काम राहून जाते तेव्हा बहुधा कोणी आळस केलेला नसतो; ते काम ज्याच्या वहीत होते त्याला त्याची निकड ठाऊक नव्हती आणि ज्याला निकड ठाऊक होती त्याच्या वहीत ते नव्हते. प्रस्तुत लेखात या अडचणीवरील एक साधी व्यवस्था मांडली आहे. उदाहरणासाठी म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुका घेतला आहे. वायनाडमधून येणाऱ्या कबिनी नदीवरील जलाशय, नागरहोळे व बंदीपूरचे जंगल आणि त्यांच्या कडेने पसरलेली गावे असा हा तालुका आहे. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसावर येथे कापसाची पेरणी सुरू होते, नाचणी नंतर येते. अनेक गावांत भ्रमणध्वनीची रेंज मिळत नाही. त्यामुळे जी व्यवस्था येथे टिकेल ती गडचिरोलीत किंवा आजऱ्यातही टिकावी.

समजा, अशा एका कार्यालयात चार जण आहेत : व्यवस्थापक, लेखापाल आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते. पंचवीस शेतकऱ्यांच्या शेतांवर रोपलागणीच्या नाचणीचे प्रात्यक्षिक घ्यायचे ठरले आहे. लागण 20 जुलैच्या आठवड्यात होणार. नाचणीचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावावे. त्याहून जुने झाले की फुटवे कमी येतात. म्हणून रोपवाटिका 27 जूनला टाकावी लागेल. बहुतेक कार्यालयांत भिंतीवरील कॅलेंडरवर एवढेच लिहिले जाते : ‘27 जून, रोपवाटिका.’ चूक येथेच होते, कारण ही शेवटची तारीख आहे, पहिली नव्हे.

आता मागे मोजत जाऊ. 27 जूनला वाफ्यात बी पडायचे तर ते 24 जूनपर्यंत शेतकऱ्याच्या हाती हवे. वाटण्यापूर्वी उगवणशक्ती तपासायची आहे. ओल्या कागदावर शंभर-शंभर बियांचे चार संच मांडून आठव्या दिवशी मोजणी करावी. प्रमाणित नाचणी बियाण्याची किमान उगवण 75 टक्के असावी लागते. पहिला वाण या कसोटीला उतरला नाही तर दुसरा वाण मागवण्यास पाच दिवस आणि त्याच्या तपासणीस आणखी आठ दिवस लागतील. म्हणजे पहिल्या तपासणीचा निकाल 24 जूनच्या तेरा दिवस आधी, 11 जूनला, हाती असला पाहिजे. ती तपासणी 3 जूनला मांडावी लागेल, बियाणे 2 जूनला कार्यालयात हवे आणि पुरवठादारास दहा दिवस लागत असतील तर मागणी 23 मे रोजी गेली पाहिजे. रोपवाटिकेची खरी तारीख अशी पाच आठवडे आधी, वळवाच्या पावसाच्या आणि कापसाच्या धांदलीत येऊन बसते. तेव्हा नाचणीची आठवण कोणालाच नसते.

माती परीक्षणाचीही अशीच साखळी आहे. लागणीपूर्वीच्या खतांची खरेदी व वाहतूक यांना आठवडा धरला तर अहवाल 13 जुलैला हवा. प्रयोगशाळेला तीन आठवडे लागतात असे गृहीत धरले तर नमुने 22 जूनला पोहोचले पाहिजेत. सावलीत वाळवणे व पिशव्या भरणे यांस चार दिवस. म्हणजे गोळा करण्याचे काम 18 जूनला संपावे. एका कार्यकर्त्याने दिवसाला तीन शेते केली तर पंचवीस शेतांना नऊ दिवस लागतात, म्हणून आरंभ 8 जूनला. कागदावर हे सुरळीत दिसते. परंतु दोन्ही साखळ्या एकाच दिनदर्शिकेवर उतरवल्या की 11 जूनच्या आसपास एकच माणूस दोन ठिकाणी दिसू लागतो : बियाणे नापास झाले तर दुसऱ्या वाणासाठी धावपळ करणारा कार्यकर्ता तोच आहे, जो त्या दिवशी गावात माती खणत असेल. उपाय सोपा आहे. नमुने 18 ते 28 मे या काळात घ्यावेत. शेणखत अजून शेतात पसरलेले नसते, त्यामुळे नमुनाही चांगला मिळतो, आणि 2 जूनला पिशव्या प्रयोगशाळेत पोहोचून 23 जूनपर्यंत अहवाल येतो. हा निर्णय दिनदर्शिकेशिवाय सुचला नसता, कारण दोन्ही कामे वेगवेगळ्या वह्यांत होती.

सामायिक दिनदर्शिकेसाठी गूगल कॅलेंडर पुरेसे आहे. नवी दिनदर्शिका संगणकावरूनच तयार करावी. सामायिक करण्याची सोय भ्रमणध्वनीच्या ॲपमध्ये नाही. डाव्या बाजूच्या Other calendars या ओळीजवळील अधिक चिन्हावरून Create new calendar निवडावे, कार्यालयाचे नाव द्यावे आणि नंतर Settings and sharing मध्ये Share with specific people or groups येथे चौघांचे ई-मेल घालावेत. व्यवस्थापक व आणखी एक यांना Make changes to events हा अधिकार द्यावा, इतरांना See all event details. तारीख बदलण्याचा अधिकार सर्वांना दिला तर तारीख कोणी, का पुढे ढकलली हे कोणालाच कळत नाही. बदल करणाऱ्याने नोंदीच्या वर्णनात कारण एका ओळीत लिहावे.

येथे दोन अडथळे नेहमी येतात आणि दोन्ही कानी पडेपर्यंत एखादी तारीख हुकलेली असते. पहिला असा की, सूचना ही प्रत्येकाची स्वतंत्र असते. व्यवस्थापकाने आपल्या खात्यात सात दिवस आधीची घंटा लावली म्हणून कार्यकर्त्याच्या फोनवर ती वाजत नाही. प्रत्येकाने आपल्या खात्यातून त्या दिनदर्शिकेच्या सूचना लावल्या पाहिजेत. दुसरा असा की, अंतिम मुदती बहुधा पूर्ण दिवसाच्या नोंदी म्हणून भरल्या जातात आणि त्यांच्या सूचनांची जागा वेगळी, All-day event notifications या मथळ्याखाली असते. केवळ Event notifications मध्ये वेळ भरली तर मुदतीच्या दिवशी फोन गप्प राहतो. सात दिवस आधी व दोन दिवस आधी, सकाळी आठ वाजता, अशा दोन सूचना पुरतात; त्याहून अधिक घंटांकडे माणसे दुर्लक्ष करू लागतात. खात्री करण्यासाठी उद्याची एक खोटी नोंद भरून चारही फोन वाजतात का ते पाहावे. नोंदी एकदा फोनमध्ये उतरल्या की रेंज नसतानाही दिसतात, पण नवा बदल रेंज आल्यावरच पोहोचतो. त्यामुळे जलाशयापलीकडच्या गावात फिरणाऱ्या सहकाऱ्याला तारीख बदलल्याचे फोनवर सांगण्याची जबाबदारी बदल करणाऱ्याचीच.

कायद्याच्या मुदती मात्र एकदाच बसून भराव्यात. उत्पादक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा सामान्यतः 30 सप्टेंबरच्या आत, सभेची सूचना किमान चौदा दिवस आधी, सभेनंतर तीस दिवसांत AOC-4 आणि साठ दिवसांत वार्षिक विवरणपत्र. विलंब झाला तर प्रत्येक नमुन्यास दररोज शंभर रुपये जादा शुल्क बसते. लहान कंपनीला ही रक्कम जड जाते, म्हणून लेखापरीक्षकाकडे कागद देण्याची तारीखही या नोंदींत हवी, निव्वळ दाखल करण्याची नव्हे.

दिनदर्शिका ‘केव्हा’ सांगते; ‘कोणाच्या हाती काय अडले आहे’ हे सांगायला फलक लागतो. मोटार बनवणाऱ्या टोयोटा कंपनीत ताइइचि ओनो यांनी कार्डांच्या मदतीने काम ओढत नेण्याची पद्धत रुजवली, तिला जपानी भाषेत कानबान म्हणतात. आपल्याला त्यातील थोडेच हवे आहे. कार्यालयाच्या भिंतीवर चार रकाने आखावेत : ‘ठरलेले’, ‘चालू’, ‘अडकलेले’, ‘झाले’. प्रत्येक कामासाठी एक कार्ड. त्यावर काम, एकाच माणसाचे नाव आणि दिनदर्शिकेतील मुदत. दोन नावे लिहिली की ते काम कोणाचेच राहत नाही. कार्डे कार्यकर्त्यांच्या भाषेत, एच. डी. कोटेमध्ये साहजिकच कन्नडमध्ये, लिहावीत. इंग्रजीतील सुबक कार्डाकडे कोणी पाहत नाही.

कार्डावर काम कसे लिहिले आहे याला मोठे महत्त्व आहे. ‘माती परीक्षण’ हे कार्ड महिनाभर ‘चालू’ मध्ये पडून राहील. त्याऐवजी ‘पंचवीस नमुन्यांची प्रयोगशाळेची पावती फाइलला लागली’ असे लिहावे. मग काम झाले की नाही याविषयी वाद होत नाही. एका माणसाची ‘चालू’ रकान्यात दोनाहून अधिक कार्डे नसावीत. तिसरे घ्यायचे असेल तर एक संपवावे किंवा ‘अडकलेले’ मध्ये न्यावे. ‘अडकलेले’ मधील कार्डावर आपण कोणाची व कोणत्या तारखेपासून वाट पाहत आहोत ते लिहावे. पुष्कळदा असे दिसते की ज्याची वाट पाहत आहोत त्याला आपण विचारलेलेच नसते.

पावसाशी बांधलेली कामे या चौकटीत नीट बसत नाहीत. कोरडवाहू कापसाच्या पेरणीची तारीख मार्चमध्ये लिहिणे ही आत्मवंचना आहे. अशा कामांचे वेगळ्या रंगाचे कार्ड करावे आणि त्यावर तारखेऐवजी अट लिहावी. उदाहरणार्थ : ‘खड्डा खणून पंधरा सेंटिमीटरपर्यंत ओल दिसली की दोन दिवसांत बियाणे गावात.’ अट पाहणाऱ्याचे नाव लिहावे. शिवाय एक तारीख असावीच : त्या दिवसापर्यंत पाऊस न झाल्यास पर्यायी पिकाचा निर्णय घ्यायचा. ही तारीख दिनदर्शिकेत जाते, पेरणीची जात नाही.

दर सोमवारी सकाळी वीस मिनिटे उभ्यानेच फलकापुढे जमावे. गावात असलेल्याने फोनवरून बोलावे आणि त्याची कार्डे दुसऱ्याने हलवावीत. बोलणे उजवीकडून सुरू करावे, म्हणजे आधी ‘झाले’, मग ‘अडकलेले’, शेवटी नवे. व्हॉट्सॲप गटात ठरलेली गोष्ट त्याच दिवशी कार्डावर आली नाही तर ती ठरलेलीच नाही असे समजावे. या नियमावर पहिले तीन आठवडे कुरबुर होते. एखादे कार्ड दोन सोमवार जागचे हलले नाही तर काम मोठे आहे, त्याचे दोन-तीन तुकडे करावेत. आणि सगळीच कार्डे व्यवस्थापकाच्या नावाची दिसू लागली तर व्यवस्थेत नव्हे, कामाच्या वाटणीत दोष आहे.

हंगाम संपल्यावर ‘झाले’ रकान्यातील कार्डे फेकू नयेत. प्रत्येकावर प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख घालून ती बांधून ठेवावीत. प्रयोगशाळेला आपण तीन आठवडे धरले होते आणि तिने पाच घेतले असतील, तर पुढच्या वर्षीची नमुन्यांची तारीख 18 मेऐवजी कोठे जाते, ते याच गठ्ठ्यावरून मोजायचे असते.