पत्र उघडल्याची खूण

गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅट शोधत होतो. एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसमधून किमतीचा तक्ता ईमेलने आला. टू बीएचके, ७४ लाख. मला ७० पर्यंत खाली आणायचं होतं, म्हणून मुद्दाम दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मुलाचा फोन आला. "सर, विचार पक्का होत आलाय ना? आणि मुंबईला गेला होतात का?" मी नाशिकला होतो, आणि रात्री उशिरा अंथरुणात पडून तोच तक्ता पुन्हा पाहिला होता. त्यानंतर तो ७३ च्या खाली आलाच नाही. मी गप्प राहून जो भाव पाडू पाहत होतो, तो माझ्याच फोनने आधी फोडला होता.

बुकिंग झाल्यावर मी त्याला सरळ विचारलं. त्याने प्रामाणिकपणे लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: सहा वेळा उघडले, शेवटची वेळ रात्री ११:५२, ठिकाण मुंबई.

घरी येऊन त्या मेलचं मूळ रूप पाहिलं. जीमेल संगणकावर उघडलं, तर मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांत Show original असतं. माझ्या मेलसेवेतही तशीच सोय होती. खूप मजकुराखाली, अगदी शेवटी, अशी एक ओळ सापडली (पत्ता इथे बदलला आहे):

```
<img src="https://track.example.com/o/8f3a61c2.gif" width="1" height="1">
```

हे एक चित्र आहे: एक ठिपका रुंद, एक ठिपका उंच, पारदर्शक. डोळ्यांना दिसूच नये अशी त्याची योजना असते. चित्र मेलमध्ये नसतं, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतं. मेल उघडला की फोन ते आणायला जातो, आणि त्याच क्षणी त्या सर्व्हरच्या नोंदवहीत वेळ, आयपी पत्ता आणि मेल-ॲपची जात उतरते. 8f3a61c2 हा क्रमांक फक्त मला पाठवलेल्या मेलचा. त्यामुळे मागणी कोणाकडून आली, हे विचारावं लागत नाही.

मुंबईचा उलगडा इथेच होतो. आयपी पत्त्यावरून गाव ओळखणं हा अंदाज असतो, आणि मोबाइल नेटवर हा अंदाज कंपनीचं जाळं जिथे इंटरनेटला जोडलं जातं त्या शहराचा येऊ शकतो. घरच्या ब्रॉडबँडवर तो सहसा अधिक जवळ जातो. सहा वेळांचाही हिशेब मी मांडला. चार वेळा मी उघडला होता. उरलेल्या दोन माझ्या मुलीच्या. मी तिला तो मेल फॉरवर्ड केला होता आणि ठिपका माझा क्रमांक घेऊन तिच्याकडेही गेला. म्हणजे माझ्या घरात कोणाशी सल्लामसलत चालली आहे, याचीही सावली त्या आकड्यात पडली होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

माझं मेल-ॲप चित्रं आपोआप आणत होतं, हा खरा घोटाळा. जीमेल २०१३ पासून चित्रं आपल्याच सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला तुमचा आयपी पत्ता मिळत नाही. पण मेल उघडल्याची वेळ तरीही कळू शकते. म्हणून जीमेलमध्ये Settings मध्ये General खाली Images या ठिकाणी Ask before displaying external images निवडा. मग ठिपकाही आणला जात नाही. सेटिंग बदललं की चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. मजकूर वाचायला त्याने अडत नाही. एखाद्या मेलची चित्रं पाहायचीच असतील, तर तेवढ्या मेलपुरती मागवा. त्या पाठवणाऱ्याला कायमची परवानगी देऊ नका.

ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून Protect Mail Activity आहे. ते चालू असलं की चित्रं ॲपलमार्फत आधीच परस्पर आणून ठेवली जातात, तुम्ही मेल उघडा वा न उघडा. पाठवणाऱ्याला 'उघडला' दिसतं, पण त्याला अर्थ उरत नाही. हे कळल्यावर त्या मुलाच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो: काही गिऱ्हाइकांच्या नावापुढचं 'उघडले' हे मुळात यंत्राचंच काम असणार.

ठिपका अडवला तरी मेलमधल्या दुव्यांची गोष्ट वेगळी. 'फ्लोअर प्लॅन पाहा' या बटणातही क्रमांक बसवलेला असू शकतो, आणि दाबल्यावर तो नोंदला जातो. त्याला चित्रांचं सेटिंग अडवत नाही. मी आता भाव ठरेपर्यंत दुवे दाबत नाही. तक्ता पीडीएफ जोडून पाठवा, असं फोनवर सांगतो, आणि मुलीला फॉरवर्ड न करता ती फाइल उतरवून तेवढीच पाठवतो.