फ्रीज थंड कसा करतो? : उष्णतेच्या एका प्रवासाची ओळख

फ्रीज थंडी निर्माण करतो, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः थंडी नावाचा कोणताही पदार्थ नाही, आणि म्हणूनच ती निर्माण करता येत नाही. आहे ती केवळ उष्णता. ती जिथून काढून घ्यावी ती जागा थंड होते आणि जिथे नेऊन टाकावी ती जागा तापते. फ्रीज हा उष्णतेचा हमाल आहे. आतील भाजी, दूध, पाणी यांतील उष्णता उचलून तो ती पाठीमागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरात टाकतो. म्हणून फ्रीजचे दार उघडे ठेवून खोली थंड करण्याचा प्रयत्न कोणी केला, तर खोली उलट किंचित तापेल, कारण उचललेली सर्व उष्णता आणि यंत्राने खाल्लेली वीज या दोन्ही गोष्टी अखेर त्याच खोलीत जमा होतात.

परंतु उष्णता स्वभावतः गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. मग थंड फ्रीजरमधील उष्णता मे महिन्यातील तापलेल्या स्वयंपाकघरात कशी चढवली जाते? या एका प्रश्नाचे उत्तर समजले की फ्रीजचे सारे भाग आपोआप उलगडतात.

माठातील पाणी गार का होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. माठाच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. द्रवाचे बाष्प होताना तो सभोवतालची बरीच उष्णता शोषून घेतो, आणि बाष्पाचा पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर टाकतो. पाठ्यपुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हटले आहे. दुसरी गोष्टही परिचयाची आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढलेला असल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, तर लेहसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने ते ९० अंशांच्याही आत उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही. म्हणजे द्रव कोणत्या तापमानाला उकळेल, हे त्यावरील दाबावर अवलंबून असते. माठ आणि कुकर यांतील ही दोन तत्त्वे जोडली की फ्रीज तयार होतो : एकच द्रव आत कमी दाबाखाली थंडीत उकळवायचा आणि बाहेर अधिक दाबाखाली उकाड्यात पुन्हा द्रवरूप करायचा.

हा द्रव म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘गॅस’ म्हणतो तो. पूर्वी त्यासाठी वापरले जाणारे क्लोरीनयुक्त वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाले. आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तांत्रिक भाषेत त्याला आर-६००ए म्हणतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील ब्युटेनचाच हा सख्खा भाऊ. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. एक दाराच्या साध्या फ्रीजमध्ये त्याचे प्रमाण चाळीस-पन्नास ग्रॅम, म्हणजे द्रवरूपात चहाच्या लहान कपाएवढेच असते. यंत्राच्या मागच्या पट्टीवर त्याचे नाव आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते.

आता प्रवास सुरू करू. फ्रीजरच्या पत्र्यात बसवलेल्या नळ्यांना बाष्पक अर्थात इव्हॅपोरेटर म्हणतात. येथील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे सहा-दशांश राखलेला असतो. एवढ्या दाबाला आयसोब्युटेन उणे २५ अंशांच्या जवळपास उकळतो. फ्रीजर कितीही थंड असला तरी या द्रवापेक्षा तो गरमच, म्हणून उष्णता आपल्या स्वभावानुसार फ्रीजरकडून द्रवाकडे वाहते आणि द्रवाचे बाष्प होते.

हे बाष्प कॉम्प्रेसर ओढून घेतो. तळाशी दिसणाऱ्या त्या काळ्या, सर्व बाजूंनी जोडून बंद केलेल्या डब्यात मोटर, दट्ट्या आणि तेल एकत्र असतात. कॉम्प्रेसर बाष्प दाबून त्याचा दाब जवळपास दहापट, म्हणजे हवेच्या दाबाच्या सहापट वा त्याहून थोडा अधिक करतो. दाबले गेल्याने बाष्प चांगलेच तापते. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, तसेच हे. येथेच वीज खर्च होते, आणि तिच्या मोबदल्यात उष्णता ‘वर चढवली’ जाते.

पुढे संघनक, म्हणजे कंडेन्सर : पाठीमागची काळी जाळी. या दाबाला आयसोब्युटेन ४५ ते ५० अंशांना द्रवरूप होऊ शकतो. खोली ३५ अंशांची असली तरी ती जाळीपेक्षा थंडच ठरते. मग उष्णता पुन्हा आपल्या स्वभावानुसार जाळीकडून खोलीकडे वाहते आणि बाष्पाचा द्रव होतो. नव्या अनेक फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड दडवलेली असते. त्यामुळे पत्रा गरम लागतो आणि पुष्कळजण घाबरून तंत्रज्ञाला बोलावतात. तो पत्रा गरम लागलाच पाहिजे. उलट, जाळीमागे हवा खेळायला जागा नसेल किंवा तिच्यावर कपडे वाळत घातले असतील, तर उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर तासन्‌तास थांबत नाही.

आता सर्वांत लहान, पण माझ्या मते सर्वांत चतुर भाग. जाळीतून निघालेला द्रव ४५ अंशांचा आणि अधिक दाबाचा आहे. तो तसाच फ्रीजरमध्ये सोडला तर फ्रीजर तापेल. म्हणून वाटेत केशनलिका, म्हणजे कॅपिलरी ट्यूब असते : दोन-तीन मीटर लांबीची तांब्याची नळी, जिचे छिद्र जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर. एवढ्या अरुंद वाटेने जाताना घर्षणामुळे दाब उतरत जातो. ठरावीक मर्यादेखाली दाब गेला की द्रव त्या तापमानाला द्रवरूपात राहू शकत नाही आणि त्याचा काही भाग तत्काळ उकळतो. त्यासाठी लागणारी उष्णता बाहेरून मिळत नाही, म्हणून ती उरलेल्या द्रवातूनच घेतली जाते. अशा रीतीने ४५ अंशांचा द्रव नलिकेच्या दुसऱ्या टोकाला उणे २५ अंशांपर्यंत उतरतो. फ्रीजरजवळ कान नेला असता ऐकू येणारा बारीक ‘सूं’ आवाज याच प्रवेशाचा असतो. पुष्कळ फ्रीजमध्ये ही नलिका कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या थंड नळीला चिकटवलेली असते. त्यामुळे येणारा द्रव आधीच काहीसा निवतो आणि परतणारे बाष्प पुरते कोरडे होते, कारण द्रवाचा थेंब दट्ट्याखाली सापडला तर कॉम्प्रेसरच्या झडपा मोडू शकतात.

एक साधा हिशेब करून पाहू. ३५ अंशांचे एक लिटर पाणी १० अंशांपर्यंत गार करायचे तर त्यातून सुमारे १०५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ४० ग्रॅम आयसोब्युटेन एका फेरीत साधारण १० किलोज्यूल उचलतो. म्हणजे एका बाटलीसाठी त्या सगळ्या द्रवाला दहाएक फेऱ्या कराव्या लागतात. द्रव तोच, फेरी नवी. यात तो जळत नाही, झिजत नाही, संपत नाही.

केशनलिकेला झडप नसते, ती कायम उघडी असते. कॉम्प्रेसर थांबला की दोन्ही बाजूंचे दाब तिच्यातून हळूहळू समान होतात, पण त्याला काही मिनिटे लागतात. वीज क्षणभर जाऊन लगेच आली, तर मोटरला वाढलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते आणि ते तिला जमत नाही. ती गुरगुरते, तापते, आणि रक्षक स्विच ‘टक्’ करून वीज तोडतो. हाच खेळ पुन्हा पुन्हा होऊन मोटरचे वेढे जळतात. वीज सारखी ये-जा करणाऱ्या गावी साध्या जुन्या फ्रीजचे बटण बंद करून पाच मिनिटांनी लावावे, असे सांगतात ते याचसाठी.

शेवटी माझ्या शेजारच्या घरातील एक प्रसंग. त्यांच्या एक दाराच्या फ्रीजमध्ये तीन उन्हाळ्यांत तीन वेळा ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरला गेला. प्रत्येक वेळी पैसे गेले आणि काही महिन्यांनी दूध पुन्हा नासू लागले. चौथ्या वेळी मी जाऊन पाहिले. कॉम्प्रेसर अखंड चालू होता, पण जाळी कोमटच होती आणि बर्फाचा थर फ्रीजरमध्ये केशनलिका जिथे शिरते त्या कोपऱ्यातच, वीतभर जागेत धरला होता. पुढचा पत्रा कोरडा. द्रव अपुरा असल्याने तो पहिल्या वीतभर अंतरातच उकळून संपत होता.

येथे आणखी एक शक्यता तपासावी लागते. यंत्रणेत ओलावा शिरला असेल, तर केशनलिकेच्या मुखाशी पाण्याचा कण गोठून वाट बंद होते. तसे असल्यास फ्रीज काही वेळ उत्तम गार करतो, मग थांबतो, आणि बर्फ वितळला की पुन्हा गार करतो. त्या मुखाशी कोमट पाण्याचा फडका धरताच ‘सूं’ आवाज परत सुरू होतो. आम्ही फडका धरून पाहिला. काहीच बदलले नाही, आवाज आधीपासून क्षीणपणे चालूच होता. वाट मोकळी होती, म्हणजे गळती होती.

मग एक जाणता कारागीर आणला. हा वायू ज्वालाग्राही असल्याने त्याने आधी खिडक्या उघडल्या, ज्योत लांब ठेवली आणि उरलेला वायू बाहेर मोकळ्या हवेत सोडला. नंतर नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. गॅस भरण्याची जी आखूड नळी कॉम्प्रेसरला असते, तिच्या चिमटून बंद केलेल्या टोकावर बुडबुडे आले. त्याच जागी तेलाचा चिकट डागही होता. तो तीन वर्षे तिथेच होता, पण कोणी वाकून पाहिले नव्हते. पहिल्यांदा गॅस भरणाऱ्याने ते टोक नीट बंद केले नव्हते, आणि पुढच्या दोघांनी गळती न शोधताच वर गॅस ओतला.

टोक झाळून बंद झाले. केशनलिकेच्या आधी ओलावा टिपणारी जी गाळणी असते, ती बदलली. नंतर निर्वात पंप बराच वेळ चालवून आतील हवा आणि दमटपणा काढला, आणि मगच लहान वजनकाट्यावर बाटली ठेवून पट्टीवर लिहिले होते तेवढेच ग्रॅम भरले, एक ग्रॅमही अंदाजाने नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजरच्या चारही पत्र्यांवर बर्फाचा पातळ, सारखा थर होता आणि पाठीमागची जाळी वरपासून खालपर्यंत गरम लागत होती.