पापण्यांवरील पिवळे चट्टे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

भाईंदर पूर्वेतील केबिन रोडसारख्या दाट वस्तीच्या रस्त्यावर चिकित्सालय वा औषधालय चालविणाऱ्यांकडे पापणीवरील पिवळसर चट्ट्यांसाठी मलम मागणारे रुग्ण येत असतात. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. त्यामुळे ती केवळ सौंदर्याची तक्रार मानली जाते. या चट्ट्यावरून रक्तातील मेदाविषयी किती अनुमान काढावे आणि कोठे थांबावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

स्वरूप व व्यवच्छेदक निदान

आधुनिक शास्त्रात यास झँथेलाझ्मा म्हणतात. चट्टे बहुधा नाकाकडील कोपऱ्याशी, वरच्या पापणीवर अधिक व पुष्कळदा दोन्ही बाजूंस असतात. ते मऊ, चपटे वा किंचित उंच असतात. त्वचेखाली कोलेस्टेरॉलने भरलेल्या भक्षक पेशी साचून ते बनतात. अशाच पेशी धमनीच्या भिंतीतील मेदसंचयातही आढळतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 21 वर्त्मगत रोग वर्णिले आहेत. त्यांपैकी एकाशीही या चट्ट्याचे पूर्ण साम्य नाही. लगण ही कठीण ग्रंथी असते, तर अंजननामिकेत दाह व वेदना असतात. म्हणून एखादे नाव ओढूनताणून न लावता मेदोवह स्रोतसाच्या दुष्टीच्या अंगाने विचार करणे आम्हांस युक्त वाटते. चट्टा घट्ट असेल, त्यावर व्रण होत असेल वा तो झपाट्याने पसरत असेल, तर निदान वेगळे असू शकते. रुग्ण नेत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावा.

चट्टा काय सांगतो?

हे चट्टे असणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींचे रक्तमेद प्राकृत असतात. म्हणजे चट्टा पाहून ‘तुमचे कोलेस्टेरॉल वाढले आहे’ असे सांगता येत नाही. तथापि अहवाल प्राकृत आला म्हणून निश्चिंतही होता येत नाही. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे 1976 ते 1978 या काळात तपासलेल्या 12,745 व्यक्तींचा 2009 पर्यंत मागोवा घेण्यात आला. त्याचा 2011 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी कारणे हिशेबात घेऊनही चट्टे असणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे दीडपट होता. म्हणून अहवाल प्राकृत असला तरी रक्तदाब, रक्तशर्करा व तंबाखूचे व्यसन यांची विचारणा करावी.

एक उदाहरण

विवेचनासाठी 38 वर्षांचा एक कृश पुरुष कल्पू. दोन्ही वरच्या पापण्यांवर तीन वर्षांपासून चट्टे. वडिलांना 49 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल 318, एचडीएल 42 व ट्रायग्लिसराइड 140 (प्रति डेसिलिटर मिलिग्रॅम). ट्रायग्लिसराइडला 5 ने भागल्यास 28 येतात. 318 मधून 42 व 28 वजा केल्यास एलडीएल 248 मिळते. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असल्यास हे गणित चालत नाही.

प्रथम दुय्यम कारणे पाहावीत : थायरॉइडची मंदता, मधुमेह, मूत्रातून प्रथिने जाणे, पित्तप्रवाहाचा अवरोध. ही नसतील आणि एलडीएल 190 वा अधिक असेल, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धीची शंका घ्यावी. टाचेमागील स्नायुबंध चिमटीत धरून पाहावा. तो जाड व गाठाळ लागल्यास शंका बळावते. रुग्ण कृश आहे, म्हणून मेदोदुष्टी नाही, असे येथे मानता येणार नाही. हा विकार प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भावंडे व मुले यांचीही तपासणी करवावी आणि रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्सेची मर्यादा

अशा रुग्णास केवळ गुग्गुळकल्पांवर ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. भारतातील पूर्वीच्या अभ्यासांत गुग्गुळाने कोलेस्टेरॉल घटल्याचे आढळले होते. परंतु 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, 103 व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या नियंत्रित अभ्यासात एलडीएल घटले नाही, उलट किंचित वाढले. काहींना त्वचेवर पुरळही उठले. आहार, व्यायाम व आपली चिकित्सा अवश्य द्यावी. मात्र तज्ज्ञाने सुरू केलेले स्टॅटिन परस्पर बंद करू नये.

रक्तमेद घटले तरी जुना चट्टा बहुधा तसाच राहतो, हे रुग्णास आधीच सांगावे. तो शस्त्रकर्माने, लेसरने वा विशिष्ट आम्लाने तज्ज्ञाकडून काढता येतो. पण पुन्हा उद्भवू शकतो. पापणीवर क्षार वा भल्लातकाचा प्रयोग कदापि करू नये. नेत्रास इजा होते, आणि व्रण भरताना त्वचा आकसून पापणी बाहेर वळते.

औषधालयात मलम मागितले गेल्यास विक्रेत्याने दोन प्रश्न विचारावेत : रक्तमेदाची तपासणी कधी झाली, आणि घरात कोणास अल्पवयात हृदयविकार झाला होता काय? तपासणी झाली नसेल, किंवा दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर मलम न देता रुग्णास वैद्याकडे पाठवावे.