गृहपाठ किती, यापेक्षा तो केव्हा

पालकहो,

मी तुमच्या मुलांना नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तुमच्यापैकी बहुतेक जण लालबाग-परळच्या खोल्यांत राहता आणि मीही अशाच एका खोलीत वाढले. त्यामुळे आज जे विचारणार आहे, ते बाहेरून डोकावून नाही. पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकवणारी मुलं आमच्या वर्गांत वाढत आहेत. गृहपाठाचा आणि त्यांच्या झोपेचा संबंध तपासायचा एक संशोधन प्रस्ताव मी तयार केला आहे. तो शाळेपुढे ठेवण्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

या वयात आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. रात्री अकराला तुमच्या मुलाला झोप येत नाही, तो दर वेळी हट्ट नसतो. गृहपाठाबद्दल केंद्राच्या 2020च्या दप्तर धोरणात नववीपासून पुढे रोज जास्तीत जास्त दोन तास, अशी मर्यादा सुचवली आहे. मग दोन तासांच्या आत गृहपाठ दिला की शाळा मोकळी, असं मलाही आधी वाटायचं.

आता दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघी एकाच बाकावरच्या, दोघींचा गृहपाठ दीड तासाचा. पहिली शाळा सुटल्यावर मामाच्या रिकाम्या घरी बसून तो साडेपाचला संपवते. साडेदहाला अंथरुणावर पडते, अकराला झोपते, साडेसहाला उठते. झोप साडेसात तास. दुसरीच्या एका खोलीत सहा माणसं. क्लासहून येते तेव्हा आजोबांच्या बातम्या, मग जेवणाची पंगत, मग धाकट्याला झोपवणं. पावणेअकराला टीव्ही बंद होतो आणि तिला वही उघडायला जागा मिळते. सव्वाबाराला गृहपाठ संपतो, साडेबाराला ती पडते, बारा पन्नासच्या सुमारास झोप लागते. साडेपाचला नळाला पाणी येतं आणि पिंप भरायला तिला उठवावं लागतं. झोप चार तास चाळीस मिनिटं. गृहपाठ तोच, पण रोजचा फरक पावणेतीन तासांहून जास्त.

झोपेची गुणवत्ता मोजायला जगभर पिट्सबर्ग निर्देशांक नावाची 1989 सालची प्रश्नावली वापरतात. तिच्यात एक भाग असा असतो की अंथरुणात पडून राहिलेल्या वेळापैकी किती वेळ खरी झोप लागली. पहिलीचे आठ तासांपैकी साडेसात, दुसरीचे पाच तासांपैकी चार तास चाळीस मिनिटं. दोघींची टक्केवारी त्र्याण्णवच्या आसपास येते आणि पंच्याऐंशीच्या वर काहीही आलं की या भागात ‘उत्तम’ असा शेरा मिळतो. थकलेलं पोर पडल्या पडल्या झोपतं, म्हणून त्याचा आकडा चांगला दिसतो. एवढ्या एका आकड्यावर विसंबलो तर दुसरीचे हाल आम्हाला दिसणारच नाहीत. त्यामुळे किती तास गृहपाठ केला एवढंच न विचारता तो किती वाजता सुरू झाला, खोलीत तेव्हा किती माणसं जागी होती आणि सकाळी कशामुळे जाग आली, हे तीन प्रश्न मी वेगळे घातले आहेत.

तरीही एक अडचण राहतेच. झोप अपुरी असली की मूल तोच धडा दुप्पट वेळ लिहीत बसतं. मग गृहपाठामुळे झोप गेली की झोप नसल्यामुळे गृहपाठ लांबला? नुसत्या नोंदींतून हे सुटत नाही. म्हणून दुसरा टप्पा असा आहे की ‘अ’ तुकडीसाठी दोन आठवडे शाळा सुटल्यावर एक वर्ग गृहपाठासाठी उघडा ठेवायचा, ‘ब’ तुकडी नेहमीप्रमाणे, आणि नंतर अदलाबदल. गृहपाठ दोन्ही तुकड्यांना तेवढाच. वर्ग उघडा असताना त्याच मुलांची झोप वाढली, तर बोट वेळेकडे आणि जागेकडे जाईल. नाही वाढली तर मोबाइल, क्लास, पाणी यांच्याकडे पाहावं लागेल. ते उत्तरही मला तितकंच हवं आहे. गणपती-नवरात्रातल्या आवाजाने आणि परीक्षेच्या जागरणाने आकडे बिघडतात, म्हणून सगळं दिवाळीच्या सुट्टीनंतर करायचं आहे.

तुमच्याकडे मागणं थोडं आहे. मुलाने रोज सकाळी उठल्यावर, रविवारीसुद्धा, वहीत पाच ओळी लिहायच्या. रविवारी ते दहापर्यंत झोपलं तर रागावू नका आणि ‘आठ वाजता उठलो’ असं लिहायलाही लावू नका. आठवडाभराची थकबाकी किती, हे त्या दोन तासांवरूनच कळतं. वहीवर नाव नसेल, फक्त क्रमांक. घरात किती माणसं झोपतात हे लिहिताना लाज वाटून एक-दोन कमी केलीत, तर माझं गणित त्या घराच्या मुलावरच अन्याय करेल. तुम्ही हो म्हणालात तरी मुलाला नको असेल तर ते ‘नको’ मी मानेन.

संमतिपत्र शनिवारी मुलांच्या हाती देते आहे. वाचताना काही अडलं तर शाळा सुटल्यावर या, मी प्रयोगशाळेत असेन.