रानातील पाट्यांचे मराठी : एक धडा

गेल्या हिवाळ्यात आपल्या संस्थेच्या काही कुटुंबांनी डांगच्या जंगलात सहल काढली. सुरतेहून निघालेल्या त्या मंडळींत तीन पिढ्या होत्या. आजीआजोबांना मराठी चांगले येते, पण गुजराती वाचताना ते अडखळतात. मुलांचे नेमके उलटे आहे. शाळेत ती गुजराती वाचतात, घरी मराठी बोलतात, आणि झाडापाखरांची मराठी नावे त्यांना कोणी सांगितलेलीच नसतात. तेव्हा आम्ही चारपाच जणांनी ठरविले की पायवाटेवरील पाट्यांवर व नकाशाच्या खुणांच्या यादीत जो मजकूर असतो, त्याचे मराठी करून एक छोटे पत्रक प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावे. दोन संध्याकाळींत काम उरकेल असे वाटले होते. त्यास दोन महिने लागले. का लागले, तेच या लेखात सांगावयाचे आहे. पुढे कोणास असे काम करण्याचा योग आला, तर आमच्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात.

आमची पहिली चूक कानाने केलेल्या भाषांतराची होती. गुजराती व मराठी या जवळच्या बहिणी आहेत. शब्द कानाला ओळखीचा वाटला की आम्ही थोडा फेरफार करून तो मराठीत बसवीत गेलो. 'साग' तो सागच, 'खेर' म्हणजे खैर, 'धावडो' म्हणजे धावडा. पहिली पाचदहा नावे अशी बिनचूक जमली आणि त्यामुळेच आम्ही गाफील राहिलो.

मग आला 'सादड'. आम्ही बिनदिक्कत 'अर्जुनसादडा' लिहिले. पत्रकाचा कच्चा मसुदा घेऊन आमच्यापैकी दोघे सहलीआधी जंगलात जाऊन आले. सोबत तिथलाच एक वाटाड्या होता. त्याने पत्रक ऐकले, झाडाच्या खोडावर हात ठेवला आणि विचारले, "दादा, अर्जुन तर पाण्याकाठी असतो. हा डोंगरावर कसा आला?" तो म्हणाला ते अगदी खरे होते. गुजरातीतील सादड म्हणजे आपला ऐन. डांगात व खानदेशाकडे ऐनाला सादडा असेही म्हणतात. कोकणात व देशावर मात्र सादडा म्हटले की अर्जुनसादडा आठवतो. दोन्ही झाडे एकाच वंशातली असून त्या वंशाचे शास्त्रीय नाव टर्मिनालिया आहे. दोहोंच्या फळांना पाच पंख असतात. पण खोड पाहिले की घोटाळा उरत नाही. ऐनाची साल काळपट व खोल भेगाळलेली असते, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाचे खोड फिकट व गुळगुळीत असते आणि त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. अर्जुन ओढ्या-नदीच्या काठाने आढळतो, तर ऐन उतारावर.

ही केवळ शब्दाची बाब आहे, असे कोणी समजू नये. अर्जुनाच्या सालीचा काढा हृदयविकारावर घेण्याची चाल आपल्या घरोघरी आहे. पत्रकात 'अर्जुन' वाचून एखाद्या आजोबांनी ऐनाची साल काढून घरी नेली असती, तर एक तर अभयारण्यातील झाडाला इजा झाली असती, आणि दुसरे म्हणजे भलतीच साल पोटात गेली असती.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. गुजराती 'बियो' या शब्दावरून आमच्यापैकी एकाने 'बिब्बा' असे लिहून ठेवले होते. बियो म्हणजे आपला बिबळा. त्याच्या खोडाला खाच पडली की लाल डिंक पाझरतो, आणि त्याच्या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून मधुमेहाचे रोगी ते पितात. बिब्बा हे निराळेच झाड आहे. त्याच्या फळाच्या टरफलातील रसाने अंगावर फोड उठतात, हे ज्याने घरात बिबा घातलेला पाहिला आहे त्यास सांगायला नको. ज्याच्यापासून दूर राहावे त्याचे नाव निरुपद्रवी झाडास दिले, म्हणजे खरा बिब्बा समोर आल्यावर मुले त्याला ओळखणार नाहीत.

या दोन प्रसंगांनंतर आम्ही रीत बदलली. गुजरातीवरून थेट मराठीवर उडी घ्यावयाची नाही, असे ठरले. पाटीवर शास्त्रीय नाव असेल तर तेच प्रथम टिपून घ्यावयाचे. नसेल तर झाडाचे पान, साल, फूल किंवा फळ पाहून वनस्पतींच्या पुस्तकातून ते नक्की करावयाचे. मग त्या शास्त्रीय नावाचे मराठी नाव शोधावयाचे, आणि शेवटी ते झाडापाशी उभे राहून स्थानिक माणसास वाचून दाखवावयाचे. यात एक सावधगिरी लागते. शास्त्रीय नावेही कधी कधी बदलतात. ऐनाचे जुन्या ग्रंथांतील नाव टर्मिनालिया टोमेंटोझा, तर अलीकडच्या ग्रंथांत टर्मिनालिया इलिप्टिका असे आढळते. तेव्हा दोन पुस्तकांत दोन नावे दिसली म्हणून ती दोन झाडे समजू नयेत.

पाखरांच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढला, कारण पाखरू काही झाडासारखे उभे राहत नाही. गुजरातीत 'काबर' म्हणतात ती आपली रोजची साळुंकी. आम्ही तिला 'कबरी मैना' करून टाकले होते, आणि मराठीत त्या नावाचा काळापांढरा पक्षी वेगळा आहे. 'बपैयो' या नावाला आमच्यातील एका काव्यप्रेमी गृहस्थांनी 'चातक' म्हटले. पण बपैयो म्हणजे 'पेरते व्हा' असे ओरडणारा आपला पावशा. चातक निराळा. तो काळापांढरा असून त्याच्या डोक्यावर तुरा असतो. 'लक्कडखोद' म्हणजे सुतार, याविषयी वाद नव्हता. पण आमच्या घरांतून तुरेवाल्या हुदहुदालाच सुतार म्हणण्याची जुनी सवय आहे, म्हणून पत्रकात दोघांची चित्रे शेजारी शेजारी द्यावी लागली.

सर्वांत अधिक विचार एका लहानशा घुबडाने करायला लावला. इंग्रजीवरून भाषांतर करताना रान, वन आणि जंगल हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. पण या भागात पिंगळ्यांच्या तीन जाती आहेत, आणि त्यांपैकी दोघांच्या इंग्रजी नावांत जंगल या अर्थाचाच शब्द आहे. गावाजवळचा साधा पिंगळा डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांनी ओळखू येतो. जंगली पिंगळ्याचे डोके ठिपक्यांचे नसून बारीक आडव्या पट्ट्यांचे असते. रानपिंगळ्याचे डोके मात्र जवळजवळ कोरे असते आणि पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात. हा तिसरा पक्षी १८८४ नंतर कोणास नक्की सापडला नव्हता. नामशेष झाला असेच अनेकांना वाटत होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शहादे आपल्याच तापीच्या खोऱ्यात, सुरतेच्या वरच्या अंगाला आहे. नंतर डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. आता विचार करा, पत्रकात जंगली पिंगळ्याला 'रानपिंगळा' म्हटले, तर प्रत्येक सहलीतून दुर्मिळ पक्षी पाहिल्याच्या खोट्या वार्ता येतील, आणि खरी वार्ता आली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून आम्ही 'रानपिंगळा' हे नाव त्या एकाच पक्ष्यासाठी राखून ठेवले, 'वनपिंगळा' हा शब्द पूर्ण वगळला, आणि प्रत्येक नावाखाली डोक्याची खूण एका ओळीत दिली.

नकाशाच्या खुणांत शब्द थोडे असतात, पण तेथील चूक पायांना भोवते. सुरतेत आपण 'खाडी' हा शब्द शहरातून वाहणाऱ्या ओढ्यालाही लावतो. मराठी वाचकाला मात्र खाडी म्हटले की समुद्राचे आत शिरलेले, भरती-ओहोटीचे पाणी आठवते. डोंगरातील प्रवाहाला आम्ही सरसकट 'ओढा' लिहिले. त्यातही बारमाही ओढा व पावसाळी ओढा या दोन खुणा वेगळ्या ठेवल्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत पाणी निळ्या रंगाने आणि कोरडे पात्र काळ्या रेषेने दाखवितात. दोहोंना एकच नाव दिले, तर उन्हाळ्यात पाण्याच्या आशेने कोरड्या पात्राकडे चालत गेलेल्या माणसाची काय अवस्था होईल, हे सांगायला नको.

आणखी एक चूक आम्ही छापखान्याच्या दारातच पकडली. मूळ नकाशा १ : २५,००० प्रमाणाचा होता, म्हणजे १ सेंटिमीटरला २५० मीटर. पत्रकात मावावा म्हणून तो निम्म्या लांबीरुंदीचा केला, पण खाली '१ सें.मी. = २५० मीटर' हे वाक्य तसेच राहिले. प्रत्यक्षात आता १ सेंटिमीटरला ५०० मीटर झाले होते. कागदावर ४ सेंटिमीटर दिसणारी वाट वाचणाऱ्याला १ किलोमीटरची वाटली असती, आणि चालावे लागले असते २ किलोमीटर. असे प्रमाण शब्दांत न लिहिता मोजपट्टीची रेघ काढावी. नकाशा लहान केला की रेघही तितकीच लहान होते आणि खरी राहते.

सूचनांचे मराठी करतानाही इंग्रजी वाक्याच्या मागे जाऊ नये, हे आम्ही शिकलो. 'पायवाटेवर राहा' असे लिहिल्यावर एका मुलाने विचारले, "रात्री सुद्धा?" शेवटी 'पायवाट सोडू नये' एवढेच लिहिले. 'पुढे जाण्यास प्रतिबंध करण्यात आला आहे' याऐवजी 'पायवाट येथे संपते. परत फिरावे.' हे मुलांनाही समजले.

काही नावांपुढे मात्र आमची रीत थांबली. ज्या झाडाला नक्की मराठी नाव सापडले नाही, तेथे आम्ही नवे नाव घडविले नाही. डांगी माणसे जे म्हणतात तेच लिहिले आणि खाली शास्त्रीय नाव दिले. ते रान त्यांचे, तेथे त्यांचेच नाव शोभते.

वाचकांच्या सोयीसाठी तपासून घेतलेली काही नावे येथे देतो. आधी गुजराती नाव, नंतर मराठी.

सादड : ऐन
बियो : बिबळा
खाखरो : पळस
शीमळो : काटेसावर
हळदरवो : हेदू
काबर : साळुंकी
बपैयो : पावशा
लक्कडखोद : सुतार
चिलोत्रो : धनेश
दूधराज : स्वर्गीय नर्तक

सहलीच्या दिवशी एक आजी ऐनाखाली उभ्या राहून नातीस सालीवरच्या भेगा दाखवीत होत्या. नातीने पत्रक पाहिले, मग झाड पाहिले, आणि म्हणाली, "आजी, पण अर्जुन कुठे आहे?" त्या दोघी खाली ओढ्याकाठी तो शोधायला गेल्या, आणि तेथे तो होता.